उन्हाळा आला की डिशवॉशर भांडी खराब का काढतो: फिल्टर, पंखे आणि टँकरचं पाणी

मार्च-एप्रिल आला की ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. डिशवॉशर भांडी नीट काढत नाहीये, काचेचे ग्लास पांढरट येतायत, वाट्यांना कण चिकटलेले राहतायत, कोणाकडे चांगल्या टेक्निशियनचा नंबर आहे का. मग एकजण सांगतो टॅब्लेट बदला, दुसरा म्हणतो आमचं पण सेम झालेलं शेवटी विकून टाकलं, तिसरी म्हणते मी तर आधीच सांगत होते मावशीच बऱ्या. आणि मग जूनमध्ये पाऊस लागतो, जुलै-ऑगस्टपर्यंत त्याच मशीनमधून त्याच टॅब्लेटने भांडी बरी निघायला लागतात आणि विषय बंद, तो थेट पुढच्या मार्चला उघडतो.

जो बिघाड ऋतू बघून येतो तो मोटरचा नसतो, एवढं आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे निम्मे पैसे वाचतील. ठाण्याला पाणी येतं ते भातसा, उल्हास नदी, बारवी धरण अशा ठिकाणचं, नवी मुंबईला मोरबे धरणाचं. हे सगळं पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, म्हणजे डिशवॉशरच्या दृष्टीने सोपं पाणी. पण उन्हाळ्यात पालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटी टँकर मागवते, सोसायटीची स्वतःची बोअरवेल असेल तर तीही सुरू होते, आणि हे सगळं खालच्या एकाच टाकीत मिसळून आपल्या किचनच्या नळाला येतं. बोअरचं पाणी दगडातून झिरपून आलेलं असतं, ते जड असतं. मशीन बिचारं पावसाळ्यातल्या पाण्याच्या सेटिंगवर चालत असतं, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की पाणी बदललं.

तरी पण नुसतं पाण्यावर ढकलून चालत नाही, कारण तुंबलेला फिल्टर आणि पाणी उडवणारे तुंबलेले पंखे बारा महिने होऊ शकतात आणि उन्हाळ्यात हे तिन्ही एकत्र येतं. म्हणून कुठला त्रास कशामुळे आहे हे आधी वेगळं करायचं. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, उलटं केलंत तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

आधी मळ बघा

मशीन उघडल्या उघडल्या खराब भांडी सिंकमध्ये टाकू नका, दोन मिनिटं नीट बघा. कण आहेत की पांढरा थर आहे की चिकट तेलकटपणा आहे, आणि तो फक्त वरच्या रॅकला आहे की खालीपण.

बारीक कण, म्हणजे वाळूसारखा खरखरीतपणा किंवा मसाल्याचे ठिपके, जर सगळीकडे आणि खासकरून ग्लासांच्या आत बसलेले असतील तर फिल्टर. खालची ताटं स्वच्छ आणि वरचे ग्लास-वाट्या जशाच्या तशा खराब असतील तर वरचा पंखा. पंखा म्हणजे तो पाणी उडवत फिरणारा स्प्रे आर्म, आमच्याकडे सगळे पंखाच म्हणतात म्हणून मी पण तेच लिहितेय. सगळीकडे चिकट आणि टॅब्लेट अर्धी तशीच पडलेली असेल तर आधी बघा की टॅब्लेटच्या कप्प्याचं झाकण पूर्ण उघडलं होतं का, आपली मोठी ताटं आणि कढईचे कान बरोबर त्या झाकणासमोर येतात आणि झाकण अर्धवट उघडून अडकतं. ही फार कॉमन गोष्ट आहे, आणि यावर उपाय फक्त ताट दुसऱ्या बाजूला लावणं एवढाच.

पांढरा थर असेल तर एक ग्लास घ्या, त्याच्या एका बाजूला व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब लावा, पाचेक मिनिटं ठेवा आणि पुसा. तेवढाच भाग लख्ख झाला तर तो पाण्यातला क्षार आहे, निघणारा आहे. काही फरक पडला नाही आणि काच धुरकटच राहिली तर ती काच झिजलेली आहे, ती कशानेच परत येत नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते कारण त्याचं कारण बरोबर उलटं आहे.

हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे या कशात धरू नका, ते कुठल्याही मशीनमधून पिवळेच येणार.

फिल्टर, आणि फिल्टरच्या खाली

मेन स्विच बंद करा, खालचा रॅक पूर्ण बाहेर काढा. तळाशी जाळीचा दंडगोल दिसेल, तो घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवून वर ओढला की निघतो. त्याच्यासोबत किंवा त्याच्याखाली एक सपाट बारीक जाळी असते, तीपण उचलायची. बऱ्याच घरांत फक्त दंडगोल काढून नळाखाली धरतात आणि परत बसवतात, सपाट जाळी वर्षानुवर्षं जागेवरून हललेली नसते, आणि तिच्या खालच्या बाजूला जो राखाडी बुळबुळीत थर जमतो तो बघितल्यावर पुढचे दोन दिवस मशीनमधल्या ताटात जेवावंसं वाटत नाही.

गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. तारेची घासणी नको, जाळी फाटते किंवा भोकं मोठी होतात. तेलकट थर असेल तर आधी गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजू द्या, थंड पाण्याने घासत बसलं तर तेल नुसतं पसरतं. मग जाळी उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसायला पाहिजे.

आता फिल्टर बाहेर आहे तोवर खालच्या खड्ड्यात बघा. थोडं पाणी तिथे कायम असतं, ते नॉर्मल आहे, घाबरून टेक्निशियनला बोलवू नका. पण पाणी घाण वासाचं आणि फिल्टरच्या वरपर्यंत आलेलं असेल तर पाणी बाहेर फेकणारा पंप अडकलाय आणि मशीन त्याच घाण पाण्याने परत परत धुतंय. स्पंजने पाणी टिपून घ्या आणि हात घालायच्या आधी टॉर्च मारा, कारण फुटलेल्या ग्लासची काच नेमकी तिथेच जाऊन बसते. बऱ्याच मशीनमध्ये त्या पंपावरचं छोटं झाकण चमच्याच्या टोकाने उचकटून निघतं, आतलं चाक बोटाने हळूच फिरवून बघायचं. अडकून-अडकून फिरणं चालतं, ते चुंबकामुळे तसंच फिरतं, अजिबात फिरत नसेल तर काहीतरी अडकलंय. लिंबाची बी, बरणीच्या लेबलचा तुकडा, आंब्याच्या कोयीचं सालपट, काहीही निघतं.

परत बसवताना सगळ्यात जास्त लक्ष द्या, खरं सांगायचं तर पूर्ण पोस्टमधली हीच ओळ वाचलीत तरी चालेल. सपाट जाळी चारी बाजूंनी खाली बसली पाहिजे आणि दंडगोल फिरवल्यावर लॉक झाला पाहिजे, त्यावर बाणाच्या खुणा असतात त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. जाळी एका बाजूने केसभर जरी उचललेली राहिली तरी पाणी जाळीतून न जाता त्या फटीतून जातं, सोबत कण घेऊन जातं, ते कण मोठ्या पंपातून थेट पंख्यात जातात आणि पंख्याच्या भोकात अडकतात. म्हणजे पंख्यात अन्नाचे कण सापडले की समजायचं दुखणं पंख्याचं नाहीच, फिल्टर नीट बसत नाहीये. पंखा साफ करून महिन्याभरात परत तुंबत असेल तर नक्कीच हेच.

पंखे

पंखा फिरतोय की नाही हे दार बंद असताना दिसत नाही, त्यामुळे लोक अंदाज बांधतात. सोपी ट्रिक अशी की पंखा कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा, म्हणजे समजा टोक दाराकडे आहे, मग मशीन चालू करा, पाणी उडायचा आवाज यायला लागला की दोन-तीन मिनिटांनी थांबवा, जरा दम धरून दार उघडा. टोक दुसरीकडे गेलं असेल तर फिरतोय. योगायोगाने तिथेच थांबला असेल म्हणून परत एकदा करून बघा, आणि दोन्ही पंख्यांचं वेगवेगळं बघा. चालू करायच्या आधी हाताने फिरवून बघायला विसरू नका, कारण निम्म्या वेळा उलथन्याचा किंवा डावाचा दांडा रॅकमधून खाली लोंबकळत असतो आणि पंखा त्याला आपटून थांबलेला असतो.

पंखा फिरवायला वेगळी मोटर नसते. टोकाजवळ एक-दोन भोकं तिरकी असतात, त्यातून पाणी जोरात सुटतं आणि त्याच्या धक्क्याने पंखा उलट्या दिशेला ढकलला जातो. म्हणून मधली चार भोकं बुजली तर धुणं कमी होतं, पण ती टोकाची भोकं बुजली तर पंखा थांबतो आणि एकाच पट्ट्यातली भांडी धुतली जातात, बाकीची नुसती ओली होतात.

खालचा पंखा बहुतेक मशीनमध्ये सरळ वर ओढला की निघतो. वरचा रॅकच्या खाली नटने लावलेला असतो, काहींमध्ये तो नट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावायच्या आधी मॅन्युअलमध्ये बघा, नट प्लास्टिकचा आहे, तुटला तर नवीन मिळेपर्यंत हातानेच भांडी घासा. काढलेला पंखा कानाशी धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर कण आहेत. मग सिंकमध्ये नेऊन मधल्या मोठ्या तोंडात नळाचं पाणी सोडा आणि भोकं वर करून बघा, कुठून धार येतेय आणि कुठून नाही ते लगेच दिसतं. बंद भोकात टूथपिक घालून हळू फिरवायची. सेफ्टी पिन, सुई, स्क्रू ड्रायव्हर यातलं काही नको, भोकाचा आकार बदलला की धारेची दिशा बदलते. आणि टूथपिकने कण आत ढकलला जातो, तो आतच राहतो, म्हणून नंतर पंखा उलटा करून मधल्या तोंडातून झटकून बाहेर काढायचा. मोहरी सगळ्यात जास्त छळते, भोकाच्या मापाचीच असते आणि भिजली की फुगते. त्यानंतर जिरं, मग भाताचं शीत.

भोकाच्या कडेला पांढरा खरखरीत कडा दिसत असेल, जणू खडूने गोल काढलाय, तर ते अन्न नाही, क्षार आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घाला, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं, ढोकळ्याला वापरतो तेच. परातीत पंखा बुडवून अर्धा-पाऊण तास ठेवा, परात स्टीलची किंवा प्लास्टिकची घ्या, ॲल्युमिनियमची नको. क्षार असेल तर बारीक बुडबुडे येताना दिसतात. बुडबुडे थांबले की टूथब्रश मारून धुऊन टाका. याच्यात ब्लीच किंवा बाथरूमचं क्लीनर काहीही मिसळायचं नाही, क्लोरीन गॅस तयार होतो, छोट्या किचनमध्ये ते फार वाईट.

मीठ संपत नाही, ही खूशखबर नाही

आता खरा मुद्दा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मशीन यंदा एप्रिलमध्ये असंच बिघडलं. वरच्या रॅकमधले स्टीलचे ग्लास पांढरट आणि आतून खरखरीत, ताटं मध्ये ठीक पण कडांना वरणाचा थर. एक टेक्निशियन येऊन मोटर गेली सांगून काही हजारांचं कोटेशन देऊन गेला होता. त्यांच्या मशीनमधला दंडगोल वरवर स्वच्छ होता कारण काकू तो दर रविवारी धुतात, पण सपाट जाळी उचलली तर तिच्या कडेखाली शेवग्याच्या शेंगेचा एक दोरा चपटा होऊन बसलेला. तेवढ्यानेच जाळी एका बाजूने उचललेली. वरच्या पंख्यातून मोहरी आणि जिरं चहाच्या चमच्याभर निघालं आणि भोकांना पांढरे कडे होतेच. सगळं साफ करून लिंबूसत्त्वात बुडवून बसवलं, दुसऱ्या दिवशी भांडी झकास निघाली, मोटर बिटर काही गेलेली नव्हती. पण आठवड्याभरात ग्लासांवर पांढरा थर परत. कण नाहीत, फक्त थर.

मी विचारलं मशीनमध्ये मीठ आहे का, तर काकू एकदम अभिमानाने म्हणाल्या, "अगं, गणपतीच्या वेळी भरलं होतं, अजून संपलंच नाही, दिवासुद्धा लागला नाही."

आणि उत्तर तिथेच होतं. मशीनच्या आत सॉफ्टनर असतो, त्यात रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मशीन मिठाचं पाणी त्यांच्यातून फिरवतं आणि ते परत रिकामे होतात, यालाच रिजनरेशन म्हणतात. आता मणी कधी भरले हे साध्या मशीनला कळत नाही, ते आपण दिलेल्या पाण्याच्या सेटिंगवरून अंदाज करतं. सेटिंग कमी असेल तर ते फार क्वचित मीठ फिरवतं. जड पाण्यात मणी लवकर भरून जातात आणि पुढच्या रिजनरेशनपर्यंत नळाचं पाणी जसंच्या तसं भांड्यांवर जात राहतं. म्हणजे पाणी जड असून मीठ संपत नसेल तर तो बिघाडाचा पुरावा आहे, आणि मिठाचा दिवा याबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त डब्यात मीठ आहे की नाही एवढंच सांगतो.

मोजायचं कसं? टीडीएस मीटर सगळ्यांच्या घरी आरओवाल्याने दिलेलं असतं, त्याचा इथे उपयोग नाही, ते सगळे विरघळलेले क्षार मिळून सांगतं, जडपणा वेगळा सांगत नाही. हार्डनेसच्या कागदी पट्ट्या ऑनलाइन स्वस्तात मिळतात, त्या घ्या. आकडा पीपीएममध्ये येतो आणि मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा जडपणाचे जर्मन अंश असतात, तर पीपीएमला 17.8 ने भागायचं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला 200 मिलिग्रॅम प्रति लिटर ही योग्य मर्यादा आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात, मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे पीपीएमच. त्यामुळे टँकरवाला पाणी पिण्यालायक आहे म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही, पण माणसाला चाललेलं पाणी मशीनला चालतं असं नसतं.

काकूंच्या नळाची पट्टी साधारण 450 पीपीएमच्या रंगावर आली, म्हणजे 25 अंश. मग मशीन रिकामं करून डिटर्जंट न टाकता नुसता रिन्स लावला, पाणी आत भरून फिरायला लागल्यावर थांबवलं, तळातून वाटीभर पाणी काढलं आणि त्यात दुसरी पट्टी बुडवली. ही टेस्ट सगळ्यांनी करा, सॉफ्टनर चालतोय की नाही हे इतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. आतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा खूपच मऊ यायला हवं, पट्टीवर जवळजवळ खालच्या रंगावर. काकूंच्या दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्या. सेटिंग बघितलं तर स्क्रीनवर H:01. मशीन बसवलं तेव्हा ऑगस्ट होता, बसवणाऱ्याने तेव्हाचं पाणी तपासून बरोबर सेटिंग केलं होतं, त्याचं काही चुकलं नाही.

ज्या मशीनमध्ये H:00 ते H:07 अशा पायऱ्या असतात तिथे बहुधा 7 ते 8 अंशांना H:01 आणि 22 ते 30 अंशांना H:06 येतं, पण तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा, कंपनीप्रमाणे बदलतो. सेटिंगला जायला कुठली बटणं दाबून धरायची तेपण तिथेच लिहिलेलं असतं. काकूंचं H:06 केलं. एका दिवसात फरक दिसत नाही, मणी पूर्ण रिकामे व्हायला काही धुणी जावी लागतात, त्यामुळे लगेच "काही उपयोग नाही" म्हणून परत बदलू नका. पुढच्या आठवड्यात आतल्या पाण्याची पट्टी बदलली, ग्लास साफ यायला लागले आणि मीठ दिसेल असं खाली उतरलं. काकूंना मिठाच्या खर्चाचं वाईट वाटलं, पण तो खर्च मोटरच्या मानाने काहीच नाही.

मिठाबद्दल थोडं. डिशवॉशरचं म्हणून मिळतं ते जाडं शुद्ध मीठच घालायचं. जेवणातलं बारीक मीठ नको, त्यात आयोडीन आणि मोकळं राहायला घातलेले पदार्थ असतात आणि बारीक असल्यामुळे डब्यात त्याचा गोळा होतो. सैंधव, काळं मीठ वगैरे प्रयोग तर अजिबात नको, माझ्या माहितीत एकांनी केलाय. पहिल्यांदा भरताना डब्यात आधी साधारण एक लिटर पाणी घालायचं, नंतरच्या वेळी फक्त मीठ, वर जे पाणी उतू जातं ते जाऊ दे. सांडलेलं मीठ स्टीलला गंज आणतं म्हणून मीठ भरायचं काम धुणं लावायच्या लगेच आधीच करा, भरून रात्रभर तसंच ठेवू नका. झाकण घट्ट फिरवा, आणि त्या डब्यात चुकूनही डिटर्जंट जाऊ देऊ नका, सॉफ्टनर कायमचा जातो.

टॅब्लेटमध्येच मीठ आहे मग वेगळं कशाला, असं दुकानदार सांगतात. ऑल इन वन टॅब्लेट ठीक आहेत, पण त्यांची मर्यादा साधारण 21 अंशांच्या आसपास असते, म्हणजे 370-375 पीपीएम. पावसाळ्यात आपल्याकडे चालून जातं. टँकर-बोअरच्या महिन्यांत पट्टी त्याच्या वर गेली की टॅब्लेट कितीही भारी असली तरी डब्यातलं मीठ लागणार.

आधीच जमलेला क्षार

सेटिंग बदलून नवा थर थांबतो, आत पाइपमध्ये आणि हीटरवर बसलेला जुना जात नाही. त्यासाठी मशीन रिकामं ठेवून सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावायचा, आणि साधारण 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. ते सुरुवातीलाच तळाशी टाकलं तर पहिल्या धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातं, लोक हीच गोष्ट करतात आणि म्हणतात काही झालं नाही. पहिलं पाणी बाहेर फेकल्याचा आवाज झाला की थांबवून दार जपून उघडा, तेव्हा टाका आणि पुढे चालू द्या. सोबत डिटर्जंट नको. मॅन्युअलमध्ये कंपनीने ठराविक क्लीनर सांगितला असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तोच वापरा. वर्षातून दोनदा पुरे, उन्हाळा संपल्यावर एकदा नक्की. दर आठवड्याला व्हिनेगर ओतायचा सल्ला फिरत असतो तो ऐकू नका, दाराच्या रबराला ते सतत लागणं चांगलं नाही.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. टँकरच्या पाण्यात गाळ असतो, तो मशीनच्या पाइपच्या तोंडाशी असलेल्या छोट्या जाळीत अडकतो, मग मशीन पुरेसं पाणी घेत नाही आणि पंखे दमल्यासारखे फिरतात. नळ बंद करून पाइप सोडवा, जाळी धुवा, पाच मिनिटांचं काम. बऱ्याच मशीनना कमीत कमी 0.5 बार प्रेशर लागतं, ते साधारण पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढं असतं, म्हणजे गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर प्रेशर पंप नसेल तर ते मिळणं अवघडच.

टेक्निशियन कधी

फिल्टर नीट बसलाय, पंख्याच्या सगळ्या भोकांतून नळाच्या पाण्याची धार येते, मशीन पाणी पूर्ण घेतं, आणि तरीही पंखे फिरत नाहीत किंवा पाणी उडायचा आवाजच येत नाही, तर मोठ्या पंपाकडे संशय जातो. धुणं ऐन मध्यावर असताना थांबवून दार उघडलं आणि वाफ नाही, भांडी थंडगार, टॅब्लेट विरघळलेली नाही, तर हीटर. सेटिंग वाढवून, मीठ असून, बरीच धुणी होऊनही आतल्या पाण्याची पट्टी नळासारखीच येत असेल तर सॉफ्टनर किंवा त्याचा व्हॉल्व. या तीन गोष्टींना बोलवा, आणि बोलवताना काय काय तपासलं ते आधीच फोनवर सांगा, म्हणजे येणारा माणूस "फिल्टर साफ करा मॅडम" सांगून व्हिजिट चार्ज घेऊन जाणार नाही.

आणि ते काच झिजण्याचं. जुलैत टँकर बंद झाला, धरणाचं पाणी सुरू झालं की परत पट्टी लावा आणि सेटिंग खाली आणा. मऊ पाण्याला आणखी मऊ केलं, त्यात गरम प्रोग्रॅम आणि डिटर्जंट भरपूर, की काचेचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो आणि ती धुरकट होते. ही तीच काच जी व्हिनेगरने साफ होत नाही. लोक त्याला क्षार समजून सेटिंग अजून वाढवतात. चांगले काचेचे ग्लास असतील तर ते कमी तापमानाच्या प्रोग्रॅमला लावा, आणि आजीच्या वेळचे नक्षीचे असतील तर सरळ हाताने धुवा.